जतचा दुष्काळ, नाल्याकाठची झोपडी

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा दोनदा वाचला. अक्षर सुरेख आहे, मेहनतही दिसते. पण पाचव्या पानावर तू जो तक्ता आखला आहेस, तिथे मी अडलो. डाव्या रकान्यात पुश, म्हणजे गावातून बाहेर रेटणारे घटक : दुष्काळ, बेकारी, कर्ज, जमिनीचे तुकडे. उजव्या रकान्यात पुल, म्हणजे शहराकडे ओढणारे घटक : काम, शाळा, दवाखाना, वीज. आणि खाली एकच ओळ : ‘अशा प्रकारे स्थलांतरामुळे झोपडपट्ट्या निर्माण होतात.’

त्या ‘अशा प्रकारे’मध्येच सगळा विषय दडून बसला आहे. रेटा आणि ओढ यांनी माणूस गावाहून का निघाला ते कळतं. तो झोपडीत का राहिला ते कळत नाही. आमच्या विश्रामबागेतही बाहेरून आलेले कितीतरी लोक राहतात. बँकेतले, कॉलेजातले, डॉक्टर. तेही स्थलांतरितच, पण त्यांची झोपडपट्टी झाली नाही. म्हणजे निघणं आणि झोपडीत पोचणं यांच्यामध्ये आणखी काहीतरी घडतं. तुझ्या प्रकल्पात नेमकं तेच यायला हवं.

मी तुला एकाच घराची हकीकत सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन नाल्याकाठच्या एका वस्तीत घरोघर फिरत होतो, तेव्हा या घराशी ओळख झाली आणि ती अजून टिकली आहे. नावं लिहीत नाही. तूही तुझ्या वहीत लिहू नकोस, घराला नंबर दे.

हे घर जत तालुक्याच्या पूर्व भागातलं, उमदीकडच्या बाजूचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तीन भाऊ आणि बापाची चार एकर जिराईत. त्या भागात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. खरीप नावापुरता. सगळी भिस्त रब्बीच्या शाळूवर आणि शाळू अवलंबून परतीच्या पावसावर. दसऱ्यापर्यंत जमिनीत ओल आली तर पेरणी होते. नाही आली तर दिवाळीपर्यंत घरातल्या सगळ्यांना कळून चुकतं की या वर्षी दाणा नाही आणि कडबाही नाही. कडबा नाही म्हणजे जनावरं कशावर जगवायची, हा प्रश्न माणसांच्या आधी उभा राहतो.

2003 साली असंच झालं. त्याच्या आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. विहिरीला पाणी नव्हतं, गावात टँकर येत होता. तुझ्या डाव्या रकान्यातलं सगळं त्या घरात हजर होतं.

आता पुढचं नीट वाच. दुष्काळ एकच, जमीन एकच, बाप एकच. तरी तीन भाऊ तीन वाटांना गेले.

थोरला गावातच राहिला. त्याच्याकडे बैलजोडी होती आणि ती विकायची नाही असा त्याचा हट्ट होता. बैल ठेवायचे तर माणूस गावात हवा. शिवाय म्हातारी आई होती. मधला कोयत्यावर गेला. त्याने मुकादमाकडून उचल घेतली आणि नवरा-बायको टोळीबरोबर साखर कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडायला गेले. दिवाळीनंतर जायचं, उन्हाळ्यात परत यायचं. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं. धाकटा बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन सांगलीला आला.

एकाच रेट्यातून तीन वेगळे निर्णय झाले, ते तुझा तक्ता कसे समजावणार? एव्हरेट ली नावाच्या अभ्यासकाने 1966 मध्ये हे फार साध्या रीतीने मांडलं होतं. पुश-पुल म्हणून आपण जे शिकतो, त्याचा मोठा भाग त्याच्याकडून आला आहे. पण शाळेच्या पुस्तकात त्याचे दोनच तुकडे उरले. त्याने चार गोष्टी सांगितल्या होत्या. गावाकडची बाजू, शहराकडची बाजू, दोन्हींच्या मधले अडथळे आणि त्या माणसाची स्वतःची परिस्थिती. गावाच्या बाजूलाही नुसते रेटणारे घटक नसतात, धरून ठेवणारेही असतात. थोरल्याला बैलांनी आणि आईने धरून ठेवलं. मधल्याला शहर माहीत नव्हतं, मुकादम माहीत होता. धाकट्याच्या बायकोचा मामा सांगलीत मार्केट यार्डात हमाली करत होता. धाकट्याच्या बाबतीत हा मामा निर्णायक ठरला. शहराची ओढ म्हणजे उंच इमारती किंवा दिव्यांचा झगमगाट नव्हे. ‘ये, माझ्या टोळीत बदलीवर लावतो, चार दिवस माझ्याकडं ऱ्हा’ एवढंच ते वाक्य असतं, आणि ते म्हणणारा माणूस ओळखीचा असावा लागतो.

म्हणून तुझ्या प्रश्नावलीत ‘कोणाच्या ओळखीने आलात’ हा प्रश्न नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. वस्तीत एका गल्लीत जतचे, दुसऱ्या गल्लीत विजापूरकडचे, तिसरीत आटपाडीचे असं का दिसतं, याचं उत्तर त्या प्रश्नात आहे.

आता हिशेब. धाकट्याने तो मला बोटांवर मोजून दाखवला होता आणि मी वहीत लिहून घेतला होता. गावात पुरुषाला शेतमजुरीचे 40 रुपये मिळत, बाईला 25. पण कामच नव्हतं. महिन्यातून आठ दिवस मिळालं तर नशीब. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला 520 रुपये. सांगलीत बदली हमालीवर दिवसाला सरासरी 90 रुपये पडत आणि महिन्याला सोळा दिवस काम मिळे. ते झाले 1,440. बायकोने तीन घरची धुणीभांडी धरली, घरटी 150 रुपये. एकूण 1,890.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ते 90 आणि 40 यांची तुलना करतात आणि म्हणतात, शहरात मजुरी दुपटीहून जास्त. पण माणूस नुसत्या मजुरीचा विचार करत नाही, मजुरी किती दिवस मिळेल याचाही करतो. हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये हेच सूत्रात बसवलं : शहरातला पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार. धाकट्याचे 90 रुपये महिन्याच्या तीस दिवसांवर पसरले तर रोजचे 48 होतात. गावातले 40 तसेच पसरले तर 11 सुद्धा होत नाहीत. खरा फरक दुपटीचा नव्हता, चौपटीहून जास्त होता. शहरात निम्मे दिवस रिकामे जात असूनही लोक का येत राहतात, आणि ‘शहरात बेकारी असताना हे येतातच कशाला’ हा प्रश्न का चुकीचा आहे, ते या एका भागाकारातून कळतं.

हा झाला निघण्याचा हिशेब. झोपडीचा हिशेब वेगळा आहे आणि त्याला तुझ्या मसुद्यात जागाच नाही.

मामाच्या झोपडीत पंधरा दिवस काढल्यावर धाकट्याने खोली शोधली. चाळीतली दहा बाय दहाची खोली, भाडं 500 रुपये, लाइट वेगळं. भाडं कसंबसं निघालं असतं. पण मालकाने डिपॉझिट मागितलं पाच हजार. त्या घराची जवळजवळ तीन महिन्यांची सगळी कमाई, आणि ती एकरकमी आणि आगाऊ. गावातल्या शेळ्या आधीच विकल्या होत्या, बायकोचं डोरलं गहाण होतं. शिवाय भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं, आणि हमाली मात्र एका महिन्यात वीस दिवस तर दुसऱ्या महिन्यात नऊ दिवस. हळदीचे सौदे जोरात असले की हात रिकामा राहत नाही. पावसाळ्यात यार्ड थंड पडलं की बदलीवाल्याला पहिल्यांदा घरी बसवतात. कमाई लाटेसारखी आणि भाडं घड्याळासारखं असलं की गरीब माणूस भाड्याच्या खोलीत टिकत नाही. त्याला असं घर लागतं, ज्याचे पैसे एखाद्या महिन्यात शून्य असले तरी चालतं.

स्वस्त खोल्या नव्हत्या असं नाही. कुपवाडच्या पलीकडे होत्या. पण हमाल पहाटे यार्डाच्या फाटकाशी हजर नसला की त्या दिवसाचं काम गेलं. बदलीवाल्याला कोणी आधी कळवत नाही. गाडी आली आणि टोळीत माणूस कमी असला की समोर उभा असेल त्याला हाक मारतात. म्हणजे पायी पोचता येईल इतक्या अंतरावर राहणं हीच त्या कामाची अट होती. बायकोची तीन घरंही त्याच बाजूला. दोघांच्या बसभाड्यातच स्वस्त खोलीचा फायदा संपला असता.

उरली नाल्याकाठची जागा. तीही फुकट मिळाली नाही, हे तू नक्की लिही. ‘फुकट जागा बळकावतात’ असं म्हणणाऱ्या कितीतरी सुशिक्षित लोकांना हे माहीत नसतं. आधीपासून तिथे राहणाऱ्या एकाला त्याने जागेचे सातशे रुपये दिले. जुने पत्रे, बांबू आणि ताडपत्रीला आठशे गेले. पंधराशे रुपयांत घर उभं राहिलं. मालकी नाही, कागद नाही, पण डिपॉझिट नाही आणि पाच तारीखही नाही.

ती जागा रिकामी का होती? कारण पावसाळ्यात तिथे पाणी चढतं आणि एरवी घाणीचा वास येतो. ज्यांच्या हातात पैसा होता त्या प्रत्येकाने ती नाकारली होती. कुठल्याही शहरात झोपडपट्टी कुठे आहे ते पाहा : नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या हद्दीला, नदीच्या पूररेषेत, खाणीच्या खड्ड्यात. पण सगळ्या नाकारलेल्या जागांवर ती नसते. ज्या नाकारलेल्या जागेपासून काम पायी अंतरावर आहे, तिथेच असते. तू सांगलीचा नकाशा घेऊन यार्डाभोवती आणि मिरज स्टेशनाभोवती पायी अर्ध्या तासाचं वर्तुळ काढ, त्यावर नाले आणि सखल भाग रंगव. वस्त्या कुठे सापडतील ते सर्व्हे करण्याआधीच तुला दिसेल.

म्हणजे रेटा आणि ओढ यांनी माणूस शहरात आणला. डिपॉझिट, कामाची अनियमितता आणि पायी अंतर यांनी त्याला नाल्यावर नेऊन बसवलं. यातलं दुसरं कारण शहराचं आहे, गावाचं नाही. तुझ्या शेवटच्या ओळीने सगळा दोष जतच्या आभाळावर ढकलला आहे.

याला एक आकड्याचा आधारही घे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 मध्ये झाली. 2001 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 4 लाख 36-37 हजारांच्या घरात होती, 2011 मध्ये 5 लाख 2 हजारांच्या वर गेली. दहा वर्षांत वाढ साधारण पंधरा टक्के. त्याच दशकात सगळ्या महाराष्ट्राची वाढ जवळजवळ सोळा टक्के होती. म्हणजे बाहेरून लोंढे येऊन हे शहर फुगलं, असं आकडे म्हणत नाहीत. लोक आले तसे इथून पुण्या-मुंबईलाही गेले. बरीचशी वाढ घरातल्या घरात जन्मलेल्या मुलांची. तरीही वस्त्या भरल्याच, कारण झोपडीत जन्मलेल्या मुलाचं लग्न झालं की त्यालाही खोली लागते आणि त्याच्यासमोरही तेच डिपॉझिट उभं असतं. मी फिरलो त्या गल्ल्यांमध्ये कितीतरी कुटुंबप्रमुख तिथेच जन्मलेले होते. त्यांना तू ‘गाव का सोडलं’ विचारशील तर ते आजोबांचं ऐकीव उत्तर देतील, आणि तू ते त्यांच्या नावावर नोंदवशील. म्हणून पहिला प्रश्न ‘जन्म कुठला’ हा ठेव. जन्म इथलाच असेल तर स्थलांतराचं पान उलटून सरळ घराच्या पानावर जा.

आता पुढची हकीकत. जुलै-ऑगस्ट 2005. दोन कोरड्या वर्षांतून पळून आलेल्या या घरावर पाणी आलं. त्यांच्या गावात पाऊस फार नव्हता. तो कोसळत होता तिकडे सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या आणि कोयनेच्या डोंगरात, जिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. ते पाणी कृष्णेतून सांगलीला आलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वर्षी नदी 53 फुटांच्या वर गेली. हरिपूरची हळदीची पेवंसुद्धा बुडाली, मग नाल्याकाठच्या पत्र्यांची काय कथा. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट मागे वस्तीत शिरतं. धाकटा, बायको आणि आता दोन मुलं शाळेच्या वर्गात पंधरा दिवस राहिली.

पाणी ओसरल्यावर ती परत त्याच जागेवर गेली. मी विचारलं, ‘पुन्हा इथंच?’ तो म्हणाला, ‘सर, पाणी चार वर्सातनं एकदा यील. यार्डात रोज जायाचं हाय.’ यापेक्षा नेमकं उत्तर मला कोणत्या निबंधात सापडलं नाही. धोका त्याला कळत नव्हता असं नाही. त्याने तो मोजला होता आणि रोजच्या भाकरीच्या शेजारी ठेवून पाहिला होता.

या सगळ्या काळात गाव तुटलं नव्हतं. पाऊस बरा झालेल्या वर्षी थोरला पोतंभर शाळू एसटीच्या टपावर टाकून पाठवायचा. शहरातल्या त्या मजुरीत घर कसं चालतं, याचं निम्मं उत्तर त्या पोत्यात होतं. हमालाला कमी पैशात राबवणं परवडतं, कारण त्याच्या भाकरीचा काही भाग जतची जमीन भरते. मग 2012-13 चा दुष्काळ आला तेव्हा उलटं झालं. थोरला बैल घेऊन चारा छावणीत जाऊन राहिला आणि धाकटा इथून पैसे पाठवू लागला. त्या छावणीमुळे आणखी एक घर सांगलीला यायचं थांबलं, असं मी मानतो. बैल वाचले म्हणून थोरला गावात टिकला. हा रेटा कमी करण्याचा प्रत्यक्ष नमुना आहे. त्यातल्या त्रुटी बऱ्याच असतील, पण जनावर हाताशी असेपर्यंत शेतकरी गाव सोडत नाही हे त्यात ओळखलेलं आहे. पुढे म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, तिथे डाळिंब-द्राक्षाची लागवड झाली. पण पाणी आलं म्हणजे गेलेले सगळे परततात असं नाही. ज्याच्याकडे जमीन टिकली तो परततो, आणि चार एकराचे तीन वाटे झालेला तिसरा वाटेकरी बहुधा परतत नाही.

साताऱ्याचा एक उल्लेख कर, म्हणजे तुलना होईल. जावळी, पाटण, खटावातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले, गिरण्यांत आणि माथाडीत. पण ते बहुतेक एकटे गेले. एका खोलीत दहा-बारा जण राहायचे, खानावळीत जेवायचे, बायका-मुलं गावी शेत सांभाळायची. 1982 च्या गिरणी संपात त्यातले कितीतरी गावी परतू शकले, कारण घर गावातच होतं. अंतर लांब आणि खोली महाग असली की माणूस एकटा जातो. अंतर जवळचं आणि बायकोलाही काम मिळणारं असलं की घर उचलून जातो. झोपडी लागते ती घराला, एकट्या माणसाला खोलीचा कोपरा पुरतो. रॅव्हनस्टाईन नावाच्या अभ्यासकाने 1885 मध्येच नोंदवलं होतं की बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचं असतं. जत ते सांगली हे तसंच अंतर आहे.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा, कारण तो सांगलीचा खास आहे. 2012 मध्ये धाकट्याने अर्धा गुंठा जागा घेतली. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, त्याचा अर्धा. कर्नाळ रोडच्या बाजूला एका शेतकऱ्याने उसाच्या रानाचे तुकडे पाडून विकले होते. जमीन शेतीची, बिगरशेती परवाना नाही, मंजूर आराखडा नाही. तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे इतका लहान तुकडा तेव्हा सातबारावर वेगळा नोंदता येत नव्हता, म्हणून सगळा व्यवहार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. अशी घरं इतकी झाली की 2001 मध्ये राज्याला ती नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तू ‘झोपडपट्टी’ एवढा एकच शब्द घेऊन सांगलीत फिरशील तर गरिबांच्या घरांचा मोठा भाग तुझ्या हातून सुटेल.

का सुटेल ते पाहा. 2011 च्या जनगणनेत सरकारी अधिसूचनेतल्या आणि मान्यता दिलेल्या वस्त्या झोपडपट्टीत धरल्याच, पण त्याशिवाय किमान 300 लोकांची किंवा साधारण साठ-सत्तर घरांची, दाटीवाटीची, सोयी नसलेली वस्तीही धरली. नाल्याकाठची झोपडी त्यात येते. गुंठेवारीतलं विटांचं, पत्र्याचं, स्वतः विकत घेतलेलं घर बहुधा येत नाही. कागदावर धाकटा 2012 मध्ये झोपडपट्टीतून बाहेर पडला. गटार तेव्हाही नव्हतं, रस्ता चिखलाचा होता, नळ लांब होता. आणि जागा त्याला परवडली ती सखल म्हणूनच. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा त्या घराच्या पत्र्याला पाणी टेकलं. नाल्यावरच्या 2005 च्या पाण्यापेक्षा ते जास्त होतं. भिंतीवरची रेघ मी स्वतः पाहिली आहे, बायकोने ती चुन्याने पुसली नाही. आता कायद्याने ते घर वेगळं, मोजणीत वेगळं, पण ज्या कारणाने नाल्यावरची जागा स्वस्त होती त्याच कारणाने ही जागाही स्वस्त होती.

तेव्हा तक्ता ठेव, पण त्याला तिसरा रकाना जोड : ‘शहरात राहायला काय मिळालं आणि कोणत्या अटीवर’. त्यात डिपॉझिट, कामापर्यंतचं अंतर, महिन्यातले कामाचे दिवस आणि जागेचे पैसे कोणाला दिले, एवढं येऊ दे.

आणि ‘का आलात’ असा प्रश्न थेट विचारू नकोस. माणसं त्याचं एका शब्दात उत्तर देतात, ‘पोटासाठी’. ते खरंच असतं, पण त्यातून तुला काही कळत नाही. क्रमाने विचार. गावातलं शेवटचं वर्ष कसं गेलं, पेरणी झाली होती का, आधी काय विकलं. शेळ्या, मग बैल, मग डोरलं, असा क्रम निघाला तर ते घर रेट्याने आलं आहे. काहीच न विकता, बैल भावाकडे ठेवून, हातात थोडे पैसे घेऊन आलं असेल तर ओढ मोठी होती. साल आठवत नसेल तर ‘2005 च्या पुराच्या आधी का नंतर’, ‘थोरली पोरगी तेव्हा चालत होती का’ असं विचार. शहरातली पहिली रात्र कुठे काढली हे कधी चुकवू नकोस, त्या उत्तरात ओळखीची सगळी साखळी उलगडते.

बाईला वेगळं विचार. जनगणनेच्या फॉर्ममध्ये स्थलांतराचं कारण म्हणून बहुतेक बायकांच्या नावापुढे ‘लग्न’ किंवा ‘कुटुंबाबरोबर’ असं लागतं. या घरातल्या बाईचंही तसंच लागलं असणार. पण मामा तिचा होता, निरोप तिने आणला होता आणि पहिल्या महिन्यात घर तिच्या धुण्याभांड्यांवर चाललं. गुंठेवारीच्या जागेचे पैसेही तिच्या भिशीतून आले. नवऱ्यासमोर विचारलंस तर ती यातलं काही बोलणार नाही.

रविवारी ये. यार्ड बंद असतं, तो घरी असेल. पण तू आधी शनिवारी दुपारी दोननंतर तिला एकटीला भेट, तेव्हा तिची कामं उरकलेली असतात. मी तिला निरोप देऊन ठेवतो. मोजपट्टी आण, खोलीची आणि भिंतीवरच्या रेघेची दोन्ही मापं घ्यायची आहेत. उमदीकडची कानडी तुला येत नाही, तिची मुलगी मध्ये बसेल. ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मिरजेत खोली बघते आहे. मालकाने डिपॉझिट किती मागितलं ते तिलाच विचार.

तुझा,
सर